बोनेटवरची शीट, काचेवरचा डिंक आणि माझी निळी गाडी

साताऱ्यात सदर बझारला आमच्या दारात कडुलिंब आहे आणि शेजाऱ्यांचा आंबा कुंपणावरून आमच्याकडे झुकलाय. उन्हाळ्यात सावलीसाठी गाडी तिथंच लावावी लागते. मार्चच्या शेवटी मी चार दिवस माहेरी सांगलीला गेले होते. परतले तर बोनेटवर कावळ्यांच्या वाळून खडखडीत झालेल्या शिटीचे पाच-सहा डाग आणि पुढच्या काचेवर, थोडे बोनेटवरही, मधासारखे डिंकाचे थेंब.

पहिला डाग मी चुकीच्या पद्धतीने काढला. कोरडा पिवळा फडका घेतला, थोडंसं पाणी मारलं आणि घासला. डाग गेला, पण उन्हात बघितलं तर त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. गडद निळ्या रंगावर ते फार दिसतात. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

गाडीला रंग मारणारे ओळखीचे काका आहेत. त्यांनी बोटानं जागा दाखवून सांगितलं, "ताई, ओरखडे शिटीनं नाहीत, तिच्यातल्या बियांनी आणि वाळूनं पाडलेत. ते कण तुम्ही फडक्याखाली फिरवले. घासायचं नाही, भिजवून उचलायचं." रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तेवढ्यातच आपला सगळा खेळ.

बाकीचे डाग मी दुसऱ्या दिवशी सकाळी, बोनेट गार असताना काढले. टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून डागावर पसरला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला, मध्ये एकदा वरून पाणी सोडलं. शीट मऊ झाली की कागदाची कड धरून अलगद वर उचलायची. बराचसा भाग कागदालाच चिकटून येतो. उरलेल्या भागावर परत नवा ओला कागद. वाळूचे कण संपलेत हे बोट न लावता, पाणी ओतून बघायचं. त्यानंतरच शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं मऊ मायक्रोफायबर हलकेच फिरवायचं, आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ घडी बाहेर काढायची. मोठ्या डागाला तीन वेळा भिजवावं लागलं. वेळ जातो, पण पाचही जागा ओरखड्याशिवाय निघाल्या.

एका जागी मात्र फिकट कडा राहिली. दिवसभर उन्हात रंगाचा थर मऊ होतो, रात्री आक्रसतो, आणि वाळलेली शीट तेवढ्यात आपला ठसा उठवते; त्यात तिच्यातलं आम्ल असतंच. हे धुऊन जात नाही. काका म्हणाले, नखाला खड्डा लागत नसेल तर हातानं पॉलिश करून बराच फिका होईल, लागत असेल तर हात लावू नका. माझ्या नखाला काही लागलं नाही.

डिंकाचं गणित वेगळं निघालं. सगळे एकच सांगतात, स्पिरिट लाव. पण कडुलिंबाचा डिंक पाण्यात फुगतो आणि विरघळतो, त्याला स्पिरिटची गरजच नसते. आंब्याचा चीक मात्र तेलकट, राळेसारखा. तो पाण्याला दाद देत नाही. म्हणून आधी एका थेंबावर ओला बोळा दहा मिनिटं ठेवून पाहिला. बुळबुळीत, जेलीसारखा झाला तो कडुलिंबाचा; फक्त पाण्यानं निघाला. तसाच टणक राहिला तो आंब्याचा.

आंब्याच्या थेंबांसाठी मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी दाराच्या खालच्या कडेला लावून बघितलं, रंग कापसावर आला नाही. मग थेंबावर भिजलेला कापूस अर्धा मिनिट टेकवला, दाबला नाही. थेंब सैल झाला की कडेनं उचलायचा, नंतर लगेच शाम्पूनं जागा धुवायची. अल्कोहोलनं मेणाचा थर जातो, म्हणून त्या जागी परत वॅक्स लावलं. थिनर मात्र लावू नका, विशेषतः दुरुस्तीनंतर पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर. रंगच मऊ होतो.

काचेवर थोडी मोकळीक असते. अल्कोहोलनंतरही राहिलेल्या दोन थेंबांवर नवं कोरं ब्लेड वापरलं: काच साबणाच्या पाण्यानं चिंब, ब्लेड जवळजवळ आडवं, एकाच दिशेनं. मागेपुढे केलं की अडकलेली वाळू काचेवर चरे पाडते. बोनेटवर ब्लेड नको म्हणजे नको. आणि डिंक असताना वायपर तर अजिबात चालवायचा नाही, तो डिंक पसरतो आणि रबराला वाळू चिकटते. मी वायपरची रबरंही ओल्या कापडानं पुसली. कापड काळं झालं.

आता डिकीत पाण्याची बाटली, टिश्यू आणि दोन मायक्रोफायबर कायम असतात. कॉलेजातून येताना शीट दिसली की रस्त्याच्या कडेला सावली बघून थांबते. ताजी असेल तर एकच ओला कागद पुरतो.