दोन वाक्यांपायी अडकलेली पुस्तिका

गेल्या पावसाळ्यात मालेगावच्या महिला बचत गटांसाठी कर्जाविषयीची एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून उर्दूत केली. सोळा पानं चार दिवसांत झाली. पुढे दोन वाक्यांपायी तीन आठवडे गेले, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पहिलं वाक्य वीस हजारांच्या कर्जाचं. व्याज महिना ३ टक्के. बाई दर महिन्याला ६०० रुपये भरते, म्हणजे नुसतं व्याज. मुद्दल जिथल्या तिथे. इंग्रजीत होतं, 'यू आर ओन्ली बाइंग टाइम'. घाईत मी 'आप सिर्फ़ वक़्त ख़रीद रही हैं' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. उर्दूत वेळ 'गुज़ारतात', 'ज़ाया' करतात, 'बचाते'सुद्धा म्हणतात, पण विकत घेतलेली ऐकू येत नाही. मराठीतलं 'वेळ मारून नेणं' डोक्यात होतं म्हणून मग 'टाल-मटोल' लिहिलं. तेही चुकलं. टाल-मटोल म्हणजे मुद्दाम चालढकल, आणि ही बाई तर दर महिन्याला नेमाने पैसे भरते. तिच्यावर नसता आळ आला असता.

शेवटी ओळखीच्या एका खालांकडे गेले. 'बाइंग टाइमला उर्दूत काय म्हणतात?' असं विचारलं असतं तर त्यांनीही भाषांतरच करून दिलं असतं. म्हणून नुसता हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "बेटा, ये तो बस मोहलत मिली, क़र्ज़ थोड़ी उतरा।" शब्द हाती आला. सावकाराकडे मुदत मागायची तर 'मोहलत माँगना', तात्पुरता श्वास मिळाला तर 'मोहलत मिलना'. तेव्हापासून मी वाक्प्रचार कुणाला विचारत नाही, प्रसंग सांगते.

दुसरं वाक्य 'पेनी वाइज, पाउंड फुलिश' या म्हणीचं. पुस्तिकेतली बाई दहा रुपये रिक्षाभाडं वाचवायला चालत जाते आणि त्याच दिवशी महागडं कर्ज न विचारता उचलते. उर्दूत यासाठी पक्की म्हण आहे: 'अशर्फ़ियाँ लुटें और कोयलों पर मुहर'. सोन्याच्या मोहरा लुटल्या जाताहेत आणि कोळशाच्या कोठारावर मात्र मोहोर लावून जपणूक चाललीय. याहून नेमकं काही सापडणं शक्यच नव्हतं.

आणि इथेच पुस्तिका करून घेणाऱ्या कार्यालयात घोडं अडलं. तिथे उलट भाषांतराची पद्धत आहे. माझं उर्दू तिसऱ्याच माणसाकडे जातं, तो मूळ न बघता ते पुन्हा इंग्रजीत आणतो, आणि दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक मोजतात. औषधाच्या मात्रेसाठी ही पद्धत चांगली, आकडा बदलला तर तिथेच सापडतो. म्हणीचा मात्र ती जीवच घेते. माझं वाक्य 'सोन्याची नाणी लुटली, कोळशावर शिक्का' होऊन परतलं आणि लाल शेरा आला: 'मूळ अर्थ हरवला, नाणी व कोळसा मुळात नाहीत.' मोहलतीवरही शेरा: 'वेळ हा शब्द गळला.' मी खुलासा पाठवला, तोच शेरा परत आला. पुन्हा पाठवला, उत्तर आलं की शब्दशः करा, वाद नको. 'पैसे में अक़्लमंद, पाउंड में बेवक़ूफ़' असं लिहून द्यायला माझा हात धजेना. मालेगावातल्या बाईने पाउंड कशाला बघितला असेल?

सुटका एका तक्त्याने झाली. प्रत्येक म्हणीपुढे तीन रकाने केले: शब्दशः अर्थ, ऐकणाऱ्याला काय कळतं, आणि पुस्तिकेतल्या कोणत्या प्रसंगाला ते लागू होतं. उलट भाषांतर करणाऱ्याला दुसरा रकाना भरायला सांगितलं. त्याने लिहिलं, 'लहान खर्चात काटकसर, मोठ्यात उधळपट्टी.' दोन दिवसांत मंजुरी आली. हा तक्ता भाषांतरासोबत पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता. तुम्ही तसंच करा.

एक सांगायचं राहिलं. 'बेटर लेट दॅन नेव्हर'ला 'देर आयद दुरुस्त आयद' चटकन सुचतं, पण त्यात उशिरा आलेलं ते नीटच आलं, अशी शाबासकी आहे. उशिरा भरलेल्या हप्त्याच्या पानावर ती चालत नाही, तिथे दंड लागतो. मी तिथे साधं लिहिलं: 'देर हो गई हो तब भी क़िस्त भर दीजिए, जुर्माना और न बढ़ेगा।'

छापील पुस्तिका खालांना नेऊन दिली. मोहलतीच्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हाँ, ऐसे ही बोलते हैं।"