फोटोत लाल रंग भरलाय का?

ऑक्टोबरात गुहागरच्या किनाऱ्यावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट करत होतो. आदल्या रात्री परतीचा पाऊस धुऊन गेला होता, हवा स्वच्छ होती. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात आकाश लालबुंद आलं आणि माझ्या असिस्टंटच्या कॅमेऱ्यात फिकट पिवळसर. क्षण तोच, जागा तीच. नवरदेवाने दोन्ही स्क्रीन पाहिल्या आणि मला म्हणाला, "दादा, तुम्ही रंग भरलाय का?"

उलट होतं. रंग असिस्टंटच्या कॅमेऱ्याने काढून टाकला होता. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर असला की कॅमेऱ्याला इतका लाल प्रकाश म्हणजे बिघाड वाटतो आणि तो निळा वाढवून सगळं 'दुरुस्त' करतो. माझा व्हाइट बॅलन्स डेलाइटवर होता, साधारण ५२०० केल्विन. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, असल्याने त्याचेही फोटो नंतर सुधारले, ते वेगळं.

पण मुळात प्रकाश लाल का? हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतात आणि तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाश ते जास्त विखुरतात. हा फरक चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. दुपारी सूर्य डोक्यावर असताना हे फारसं जाणवत नाही: स्वच्छ हवेतून निळ्याचा साधारण ८० टक्के भाग सरळ पोचतो, लालचा ९५. क्षितिजावरचे किरण मात्र तिरपे येतात आणि डोक्यावरच्या हवेच्या जवळपास ३८ पट हवा ओलांडतात. एवढ्या वाटेत निळा दहा हजारात दोन-तीन भागच उरतो, लाल मात्र शंभरात पंधराच्या आसपास. बाकीचा निळा वाटेत दुसरीकडे विखुरला. तिथल्या लोकांच्या डोक्यावर तेव्हा दिवसाचं निळं आकाश असतं.

याचा फोटोग्राफरला एक त्रास आहे. प्रकाशात लालच जास्त असल्याने कॅमेऱ्याचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. तो भरून वाहिला, की सूर्याभोवतीचा गडद केशरी भाग फोटोत सपाट पिवळा होतो. म्हणून हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, मी एकूण उजेडाऐवजी लाल रेषा बघतो आणि एक्स्पोजर कमी ठेवतो.

नवरीने विचारलं, जानेवारीत पुण्यात टेकडीवर असंच मिळेल? मी कबूल केलं नाही. धूर आणि धुळीचे कण रेणूंपेक्षा बरेच मोठे असतात, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. दाट धुरक्यात सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच मळकट होऊन विरतो आणि आकाश राखाडी पडतं. तिला म्हटलं, तारीख पक्की करू नका. एखादा पाऊस पडून गेला की फोन करा.