बारा स्टेटमेंटं, एक वही आणि दाजींचं प्रॉडक्ट

एप्रिलमध्ये क्रेडिट कार्डाची वार्षिक फी कापली गेली तेव्हा बायको म्हणाली, "हजार-बाराशे रुपये भरतोय, मिळतंय काय?" मी ऐटीत ॲप उघडून पॉइंट दाखवले : ३,९६०. "एवढ्यात वर्षाचं निघतंय की," असं म्हणून विषय मिटवला. पण हिशेब कधी केलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं.

रविवारी मेलमधून बारा महिन्यांची स्टेटमेंटं उतरवून घेतली आणि राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढल्या. कुठून कुठपर्यंतची घ्यायची, इथेच पहिली चूक झाली. मी जानेवारी ते डिसेंबर धरली होती. फी एप्रिलच्या स्टेटमेंटात येते, म्हणजे कार्डाचं वर्ष एप्रिल ते मार्च. फीच्या बदल्यात काय मिळालं ते बघायचं तर त्याच बारा महिन्यांतलं बघायला हवं. पुन्हा तीन स्टेटमेंटं उतरवली.

दुसरी चूक पॉइंटांची. ३,९६० हा शिलकीचा आकडा होता. पहिल्या स्टेटमेंटात सुरुवातीची शिल्लक १,७४६ होती, म्हणजे या वर्षाची कमाई २,२१४. आमच्या कार्डावर दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळतात. वर्षात २,३६,००० रुपये खर्च केले, पण पेट्रोल आणि विम्याचा हप्ता मिळून ५६,००० रुपयांवर एकही पॉइंट नाही. उरलेल्या १,८०,००० वर २,४०० यायला हवे होते. कमी का, म्हणून एकेक ओळ बघितली. मेडिकलचं १४० रुपयांचं बिल : शून्य. २९० ची औषधं : २. प्रत्येक बिलात १५० च्या वरचे सुटे रुपये वाऱ्यावर जातात, बिलं एकत्र करून मोजत नाहीत.

मग पॉइंटाची किंमत. कॅटलॉग म्हणतो २५ पैसे. त्यात स्टीलची पाण्याची बाटली २,२०० पॉइंटांना, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ५५० रुपयांना. महाद्वार रोडला तसलीच बाटली ३८० ला मिळते. म्हणजे बाटली घेतली तर माझ्या एका पॉइंटाचे जेमतेम १७ पैसे होतात. पॉइंट थेट बिलात वळते करून घेतले तर २० पैसे. मी हाच भाव धरला, कारण बिल तर भरायचंच असतं. २,२१४ पॉइंटांचे ४४२.८० रुपये. त्यातून वळते करण्याचा चार्ज ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ११६.८२ गेले. हातात ३२५.९८. फी ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे १,१७८.८२. इथेच ८५३ रुपयांचा खड्डा.

पण खरी कळ ऑगस्टच्या स्टेटमेंटात होती. `Finance Charges` या ओळीपुढे २,०५७.१९, खाली जीएसटी ३७०.२९. मला वाटलं, बँकेने चूक केली. जुलैचं बिल ३८,४०० रुपयांचं होतं, भरायची तारीख ७ ऑगस्ट. मुलीच्या ॲडमिशनमुळे ओढाताण होती, म्हणून त्या दिवशी ३०,००० भरले आणि ८,४०० ठेवले. ८,४०० वर १८ ऑगस्टच्या स्टेटमेंटपर्यंत ११ दिवसांचं व्याज, महिना साडेतीन टक्क्यांनी, १०६ रुपये होतं. दोन हजार कुठून आले?

कागद घेऊन दाजींकडे गेलो. दाजी सहकारी बँकेत बत्तीस वर्षं लेजरवर होते. चहा येईपर्यंत त्यांनी स्टेटमेंट वाचलं आणि म्हणाले, "पावणं, तुम्ही व्याज बिलाच्या तारखेपासून धरताय. बिल पुरं भरलं तरच बिनव्याजी मुदत. एक रुपया जरी ठेवला तरी खरेदीच्या दिवसापासून मोजतात. प्रॉडक्ट काढा."

प्रॉडक्ट म्हणजे रक्कम गुणिले दिवस. वॉशिंग मशीन २२ जूनला घेतलं होतं, २७,००० चं. २२ जून ते ७ ऑगस्ट ४६ दिवस. २७,००० गुणिले ४६ म्हणजे १२,४२,०००. त्याला वर्षाच्या ४२ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागलं तर १,४२९.१५. मशीनचे पैसे तर मी ७ तारखेला भरले होते, तरी त्यांचं दीड महिन्याचं व्याज लागलं. तसंच जुलैतल्या दोन खरेद्यांचं, ठेवलेल्या ८,४०० चं, आणि ज्यांचं बिलही आलं नव्हतं अशा २८ जुलै आणि १० ऑगस्टच्या दोन खरेद्यांचंही, कारण मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतच नाही. दाजींनी सगळी प्रॉडक्टं मिळवली : १७,८७,८००. व्याज बरोबर २,०५७.१९. पैशाचा फरक नाही. मी गप्प चहा घेतला.

बँकेने काही लपवलंही नव्हतं. अटींमध्ये हे लिहून द्यावंच लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

ऑगस्टचं बिल मी ५ सप्टेंबरला पुरतं भरलं आणि रागाने कार्ड कपाटात टाकलं. तरी सप्टेंबरच्या स्टेटमेंटात ३२३.११ व्याज आणि ५८.१६ जीएसटी. काहीच घेतलं नसताना? ते १८ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या अठरा दिवसांचं होतं. बिल छापल्यानंतर पैसे पोचेपर्यंतचं व्याज त्या बिलात येऊच शकत नाही, ते पुढच्या महिन्यात येतं. बाकी एका महिन्याची राहिली तरी व्याज दोन स्टेटमेंटांत दिसतं. ऑगस्टचं एकच बघून हिशेब केला असता तर हे निसटलं असतं.

दोन्ही मिळून, जीएसटीसकट, २,८०८.७५. मी वहीत उलटा हिशेब केला : हे पॉइंटांनी भरून काढायचं तर साधारण साडेदहा लाखांची खरेदी लागेल. अख्ख्या वर्षाची बेरीज : फी आणि व्याज ३,९८७.५७ गेलं, पॉइंटांचे ३२५.९८ आले. तोटा ३,६६१.५९.

दाजींनी माझ्या बाजूने एक मुद्दा काढला. एरवी बिल पुरं भरतो, तेव्हा सरासरी महिनाभर पैसे बचत खात्यात राहतात. अडीच टक्क्यांनी त्याचे वर्षाला साडेचारशेच्या आसपास होतात. तेही धरले, आणि व्याजाची चूक नसती, तर कार्ड चारशेच्या आसपास तोट्यात राहिलं असतं. ते आम्हाला चाललं असतं, कारण कार्ड आम्ही काही पॉइंटांसाठी घेतलेलं नाही.

फी माफीचं विचारलं तर कळलं, वर्षाला दोन लाख खर्च केला की पुढची फी माफ, पण पेट्रोल आणि विमा त्यातही धरत नाहीत. माझे २०,००० कमी पडले होते. "मग वीस हजारांचं काहीतरी घेऊया का?" बायकोने विचारलं, आणि दोघंही हसलो.

मी बिनफीचं कार्ड मागून घेतलं. पण त्याआधी ३,९६० पॉइंट बिलात वळते केले, नाहीतर ते जुन्या कार्डाबरोबर गेले असते. चार्ज जाऊन ६७५.१८ आले. ऑटो-डेबिट लावताना फॉर्मवर दोन पर्याय होते, `Total Amount Due` आणि `Minimum Amount Due`. आधीच खूण होती ती दुसऱ्यावर.