महागाई उतरली, मग भाव का नाही उतरले?

आज बचत गटातल्या बायकांना महागाईवरचा व्हिडिओ दाखवला. ‘महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ४ वर आला’ या वाक्यासोबत पडद्यावर खाली येणारी रेषा होती. एक काकू लगेच म्हणाल्या, “खोटं आहे हो, तेल कुठे स्वस्त झालंय?”

त्यांचं बरोबरच होतं. रेषा दराची होती, पण डोळ्यांना ती भावाचीच वाटते.

मग मी घाट चढणारी एसटी काढली. वेग ४० वरून २० वर आला तरी गाडी वरच चढत असते. दर म्हणजे तो वेग आणि भाव म्हणजे गाठलेली उंची. शेजारी भावाचा खांब काढला: १०० रुपयांची पिशवी पहिल्या वर्षी १०८ ची झाली, दुसऱ्या वर्षी ११२ रुपये ३२ पैशांची. दराची रेषा खाली येताना खांब वाढताना दिसला आणि काकूंनी मान डोलावली.

“४ टक्के तर ११२ च हवेत, वरचे ३२ पैसे कुठले?” हा प्रश्न मला फार आवडला. इथे एसटी कामाची नाही. दुसरी वाढ १०० वर नव्हे, १०८ वर धरतात. ते खांबावर वेगळ्या रंगानेच दाखवावं लागतं. खांबही शून्यापासूनच उभा करायचा, १०० पासून काढला तर छोटी वाढ डोंगराएवढी दिसते.

रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यसुद्धा ४ टक्क्यांचं आहे, शून्याचं नाही. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही खांब हळूहळू वाढणारच. पुढच्या व्हिडिओची सुरुवात इथूनच करतेय.