आमची वाटचाल : बत्तीस फ्लॅटचा अंदाज आम्ही कसा बांधतो

पुण्यातल्या धायरीतून चालणारा आमचा टाइल बसवण्याचा व्यवसाय सुरुवातीला एकट्या-दुकट्या फ्लॅटच्या दुरुस्तीवर आणि बंगल्यांवर उभा राहिला. वाघोली, मोशी, पुनावळे या भागांत एकसारख्या फ्लॅटच्या मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा आम्हीही त्या कामांकडे वळलो, आणि एका फ्लॅटला लागणारी मजुरी गुणिले फ्लॅटची संख्या हा आमच्या धंद्यातला नेहमीचा हिशेब तिथे पुरेसा नाही, हे आमच्याच हजेरीवह्यांतून दिसू लागले. एकच काम पुन्हापुन्हा करताना माणसे शिकतात आणि वेळ कमी होत जातो, हे कोणताही मिस्त्री सांगेल. अंदाजपत्रक बांधणाऱ्याला मात्र तो किती कमी होतो आणि कुठे थांबतो, हे कळावे लागते.

याचा एक जुना नियम आहे. टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली विमानबांधणीच्या खर्चावरून तो मांडला. एकूण नगसंख्या दर वेळी दुप्पट झाली की एका नगाला लागणारे श्रम ठरावीक टक्क्यांवर येतात, असे त्याचे स्वरूप आहे. विमानांच्या बाबतीत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास धरले जात असे. आमच्या कामात ते ९० टक्क्यांच्या जवळ येते, कारण टाइल वर चढवणे, माल कालवणे, ग्राउट भरणे ही कामे पहिल्या दिवशी आणि पन्नासाव्या दिवशी जवळपास तेवढाच वेळ घेतात. वेळ वाचतो तो दुसऱ्या ठिकाणी. हॉलमध्ये पहिली ओळ कुठून धरायची म्हणजे दाराशी बारीक पट्टी उरणार नाही, बाथरूमचा उतार नहाणी ट्रॅपकडे नेताना कोणत्या टाइलला कर्ण काप द्यायचा, भिंतीवरच्या डॅडोतील नळांची भोके कोणत्या टाइलवर येतात, हे सारे निर्णय पहिल्या काही फ्लॅटमध्ये घ्यावे लागतात आणि नंतर नुसते आठवावे लागतात.

एका कामाचे आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. बत्तीस दोन-बेडरूमचे फ्लॅट आणि दोन मिस्त्री व दोन हेल्पर अशी एक टोळी. पहिल्या फ्लॅटला ४० मनुष्यदिवस धरले, तर ९० टक्क्यांच्या हिशेबाने दुसऱ्याला ३६, चौथ्याला सुमारे ३२, आठव्याला २९ आणि सोळाव्याला २६.२ लागतात. त्यापुढेही सूत्र उतरतच जाते, परंतु प्रत्यक्षात आमच्या टोळ्यांचा वेग सोळा-सतरा फ्लॅटनंतर स्थिरावतो, म्हणून तिथून पुढे आम्ही तोच आकडा कायम ठेवतो. अशा रीतीने बत्तीस फ्लॅटची बेरीज साधारण ९०० मनुष्यदिवस होते. पहिल्या फ्लॅटवरून सरळ गुणाकार करणाऱ्याचा आकडा १,२८० येतो आणि काम त्याच्या हातून जाते. शेवटच्या फ्लॅटचा वेग धरून दर देणाऱ्याचा आकडा ८३८ येतो, त्याला काम मिळते, पण ६२ दिवसांची मजुरी खिशातून भरावी लागते.

हे ६२ दिवस म्हणजे एका टोळीच्या शिकण्याचा खर्च, आणि आमच्या सगळ्या अंदाजाचा तोच गाभा आहे. अनेकांना वाटते की तो कामावर पडतो. खरे पाहता तो टोळीगणिक पडतो. बिल्डरला घाई असली आणि आम्ही दोन टोळ्या लावून प्रत्येकीला सोळा फ्लॅट दिले, तर काम निम्म्या वेळात उरकते खरे, पण दोन्ही टोळ्या शून्यापासून शिकतात आणि बेरीज ९६२ च्या घरात जाते. म्हणून आम्ही घाईचे पैसे वेगळे मागतो, आणि का मागतो ते बिल्डरच्या इंजिनिअरला कागदावर मांडून दाखवतो. जुन्या टोळीतला एक मिस्त्री नव्या टोळीत दिला तर हा खर्च काहीसा घटतो, परंतु पूर्ण जात नाही, कारण हेल्परनेही कोणती टाइल कोणत्या खोलीत आधी पोहोचवायची हे शिकायचे असते.

आकडे विश्वासार्ह हवेत म्हणून हजेरी तारखेबरोबर फ्लॅट क्रमांकानेही लिहिली जाते. नमुना फ्लॅट आम्ही प्रमाण काढताना बाजूला ठेवतो. तिथे टाइलचा रंग ठरत नाही म्हणून माणसे बसून राहतात, आणि तिथे सर्वांत हुशार मिस्त्रीही लावलेला असतो, त्यामुळे तो आकडा दोन्ही बाजूंनी फसवा निघतो. दुसरा, चौथा आणि आठवा फ्लॅट यांची तुलना केली म्हणजे खरे प्रमाण हाती येते. आणखी एक गोष्ट आम्ही सोडत नाही. टाइलवर नाणे ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहतो, आणि उखडून पुन्हा बसवण्याचे दिवस त्या मूळ फ्लॅटच्याच नावावर टाकतो. तसे केले नाही तर पाठीमागे माल नीट न भरता उरकलेले कामसुद्धा शिकण्याचा वेग म्हणून वहीत चढते.

वेग मागे कधी जातो, हेही याच वहीत दिसते. होळीला किंवा दिवाळीला टोळी गावी गेली आणि परतताना दोन माणसे बदलली, तर पुढचा फ्लॅट आठव्याच्या नव्हे, तिसऱ्या-चौथ्याच्या वेगाने होतो. उजव्या-डाव्या उलट्या आराखड्याचे फ्लॅट असतील तर सगळे डावे आधी आणि उजवे नंतर, असा क्रम आम्ही मागतो. तो नेहमी मिळतोच असे नाही, कारण प्लास्टर आणि प्लंबिंगवाले मजल्यामजल्याने वर सरकत असतात. टाइलचा आकार मध्येच बदलला तर मात्र सरळ नव्याने मोजणी सुरू करावी लागते. डेटा एंट्रीची कामे घेणारे आमचे एक स्नेही सांगतात की त्यांच्याकडेही अर्जाचा नमुना बदलला की ऑपरेटरचा वेग असाच कोसळतो.

पुण्यात टाइलची मजुरी बहुधा चौरस फुटावर ठरते, आणि इथे एक गुंता आहे जो ठेकेदार फारसा बोलून दाखवत नाहीत. सपाट दर दिला की सुरुवातीच्या फ्लॅटमध्ये मिस्त्रीला रोजंदारीइतकेही सुटत नाही. नंतर ते भरून निघणार असते, पण तोवर तो दुसऱ्या साइटवर निघून जातो आणि शिकलेले सारे बरोबर नेतो. म्हणून आम्ही पहिले चार फ्लॅट हजेरीवर करवतो आणि पाचव्यापासून फुटाचा दर लावतो. तो दर शिकलेल्या वेगावर बेतलेला, पण मिस्त्रीला रोजंदारीपेक्षा थोडे अधिक सुटेल असा असतो.

लहान कामाचा दर आम्ही जास्त का सांगतो, असे ग्राहक विचारतात. याच टोळीने फक्त आठ फ्लॅट केले तर सरासरी फ्लॅटला सुमारे ३३ मनुष्यदिवस पडतात, बत्तीस केले तर २८. टाइल तीच, मिस्त्री तेच, तरीही मजुरीत पाच दिवसांचा फरक राहतो, आणि दरपत्रकात आम्ही तो फ्लॅटच्या संख्येप्रमाणे वेगळ्या ओळींत लिहितो. काम मध्येच एक महिन्याहून अधिक थांबले तर पुन्हा शिकण्याचे दिवस धरून उरलेल्या फ्लॅटचा दर नव्याने ठरेल, ही अटही त्याच पानावर असते.