आमची वाटचाल : एका एक्सेल शीटवर वाढलेली ईमेल यादी

दादरमधली आमची छोटी फर्म सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते. साहजिकच आमच्या ब्लॉगवर येणारा वाचक म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, नाहीतर खजिनदार. तो एक नेमका प्रश्न घेऊन येतो, उत्तर मिळालं की निघून जातो. पानाच्या तळाशी ‘न्यूजलेटरसाठी नोंदणी करा’ असं लिहिलं तर तो का थांबेल? त्याला न्यूजलेटर नको असतं, हातातलं काम उरकायचं असतं.

म्हणून ईमेल पत्त्याच्या बदल्यात फुकट द्यायची वस्तू आम्ही लेखातूनच काढतो. आमचा सर्वांत वाचला जाणारा लेख भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचा आहे. हे शुल्क सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के असतं. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा महिन्याचा सेवाखर्च ६०,००० रुपये धरा. प्रत्येकी १,५०० झाले, म्हणजे भाड्याच्या फ्लॅटला वर १५० लागतील. पुष्कळ खजिनदार प्रॉपर्टी टॅक्स आणि सिंकिंग फंडासकट अख्ख्या बिलावर १० टक्के लावतात आणि मग सभेत वाद होतो. हे वाचल्यावर वाचकाच्या मनात लगेच येतं, ‘आता हे चाळीस फ्लॅटचं कोण करत बसणार?’ आमची एक्सेल शीट तेवढंच करते: खर्च भरा, भाड्याच्या फ्लॅटवर खूण करा, बिलं तयार. साठ पानांचं ई-बुक लोक उतरवून घेतात आणि विसरतात. शीट मात्र दर महिन्याला उघडली जाते.

फॉर्मही त्या १५० रुपयांच्या उदाहरणाच्या लगेच खाली आहे. दुसरा लेखाच्या शेवटी, कारण तिथवर पोचलेला वाचक मनापासून वाचणारा असतो. बाजूच्या पट्टीत फॉर्म ठेवत नाही. मोबाइलवर ती पट्टी बहुधा लेखाच्या खाली ढकलली जाते आणि कुणाला दिसतच नाही. पान उघडताच अंगावर येणारा पॉपअपही टाळतो. वाचक वैतागतो ते वेगळंच, शिवाय मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांचं स्थान गूगल जानेवारी २०१७पासून खाली नेऊ शकतं.

फॉर्ममध्ये रकाना एकच, ईमेलचा. बटणावर ‘सबमिट’ नाही, ‘शीट पाठवा’. खाली रिकामी चौकट: ‘महिन्यातून एकदा हिशेबाच्या सूचनाही पाठवा’. ती आधीच टिक करून ठेवू नये. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याला वाचकाने स्वतः दिलेली स्पष्ट संमती हवी असते. शिवाय प्रत्येक फॉर्मला एक लपलेला रकाना असतो, त्यात `nonocc-mid` किंवा `nonocc-end` अशी खूण जाते. ती नसेल तर कुठला फॉर्म चालतो हे कधीच कळत नाही.

शीट पानावर थेट देत नाही, मेलमधल्या लिंकवरून देतो. त्या लिंकवर टिचकी मारली की पत्ता खरा ठरतो, `gmail.con` आपोआप गळतो. जोडपत्र म्हणून फाइल पाठवत नाही, कारण अनोळखी पत्त्यावरून आलेली एक्सेल फाइल कुठल्याही स्पॅम फिल्टरला खटकू शकते. आणखी एक गोम: शीटमधलं मराठी युनिकोडमध्येच हवं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आपल्या संगणकावर झकास दिसतं, खजिनदाराच्या फोनवर मात्र त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.

फॉर्म भरपूर भरले जातात पण लिंकवर टिचक्या कमी, असं दिसलं तर फॉर्मला दोष देऊ नये. स्वतःच्या जीमेलवर मेल मागवावा, `Show original` उघडावं आणि मेल खरंच आपल्या डोमेनकडून आला का हे तपासणाऱ्या SPF, DKIM, DMARC या तिन्हींपुढे `PASS` आहे का ते बघावं. एखाद्यापुढे `FAIL` असेल तर डोमेनच्या डीएनएस नोंदी मेल पाठवणाऱ्या सेवेशी जुळत नाहीत. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल याबाबत कडक झालंय. फर्मचा `@gmail.com` पत्ता अशा सेवेतून वापरला तरी हीच गत होते. स्वतःचं डोमेन घ्यावंच लागतं. तिन्ही ठीक असतील तर मेल बहुधा प्रमोशन्स टॅबमध्ये पडलेला असतो. फॉर्मनंतरच्या पानावर तसं एका ओळीत लिहून ठेवलं की काम भागतं.

आमच्याकडे गर्दीचा हंगाम ठरलेला: वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्याआधी खजिनदार शोधाशोध करतात. कमिटी बदलली की जुना खजिनदार मेल उघडणं बंद करतो. सहा महिने मेल न उघडणाऱ्याला आम्ही एकदाच विचारतो, ‘हिशेब आता कोण बघतं?’ उत्तर आलं नाही तर पत्ता काढून टाकतो. काही जण मात्र तो मेल नव्या खजिनदाराकडे पुढे पाठवतात, आणि त्यात शीटच्या फॉर्मची लिंक असतेच.