पैठणीच्या निऱ्या परत आणताना

दिवाळीच्या कॅटलॉगसाठी मी 40 पैठण्यांचे फोटो काढले होते. रंग फिके वाटले म्हणून फोटोशॉपमध्ये सरळ फोटोवरच सॅच्युरेशन 35 ने वाढवलं, थोडा कॉन्ट्रास्ट दिला, जेपेग सेव्ह केले आणि पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी दुकानातून काकांचा फोन आला. "ताई, मोरपंखी साडीच्या निऱ्या कुठे गेल्या? नुसता एक हिरवा पडदा दिसतोय. आणि जर पितळेसारखी झालीय."

फोटो उघडला, तर काकांचं अगदी खरं होतं. ती साडी धूपछाँव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे घडी वळली की निळा हिरव्यात शिरतो. तो बदलच नाहीसा झाला होता. आयड्रॉपर निऱ्यांवरून फिरवत इन्फो पॅनेलमध्ये आकडे पाहिले. मूळ फोटोत लाल चॅनेल निरीगणिक 8, 22, 15 असा वरखाली होत होता. माझ्या फोटोत सगळीकडे शून्य. सॅच्युरेशन वाढवताना लाल तळाला जाऊन टेकला होता. आता मी 35 ने कमी केलं असतं, तरी शून्याचे परत 8 आणि 22 झाले नसते, कारण कुठे 8 होते आणि कुठे 22 हे त्या फाइलमध्ये उरलेलंच नव्हतं. हिस्ट्रीही फाइल बंद केल्याबरोबर गेलेली.

कॅमेऱ्यातल्या रॉ फाइल माझ्याकडे होत्या, म्हणून निभावलं. पण 40 फोटो पुन्हा करायचे, आणि काका आणखी दोनदा तरी बदल सांगणार हे मला ठाऊक होतं. त्यामुळे यावेळी मूळ पिक्सेलला हातच लावायचा नाही असं ठरवून बसले. मोरपंखीपासूनच सुरुवात केली.

रॉ फाइल कॅमेरा रॉमध्ये उघडली, ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला आणि ती स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून फोटोशॉपमध्ये आणली. म्हणजे लेयरच्या पोटात अख्खी रॉ फाइल राहते. लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक केलं की कॅमेरा रॉ पुन्हा उघडतो, आधीच्या सगळ्या स्लायडरांसकट.

आता जर. साडीच्या अंगाला जो उजेड लागतो, तो जरीला जास्त होतो. म्हणून त्याच रॉची जरा काळोखी प्रत वर ठेवायची होती. सवयीने Ctrl+J दाबलं, वरच्या प्रतीत एक्स्पोजर 0.90 ने खाली आणलं, तर खालचा लेयरही तितकाच काळा पडला. दोनदा अनडू करून पाहिलं, तेच. मग लक्षात आलं की Ctrl+J ने स्मार्ट ऑब्जेक्टची वेगळी प्रत होत नाही. दोन्ही लेयर एकाच रॉकडे बोट दाखवतात. स्वतंत्र प्रत हवी तर लेयरवर राइट क्लिक करून `New Smart Object via Copy` घ्यावं लागतं. ते केलं, वरच्या प्रतीत हायलाइट्सही उतरवल्या, तिला पूर्ण काळा मास्क दिला आणि पांढऱ्या ब्रशने फक्त काठ आणि पदरावरचे मोर रंगवले. काळं जिथे, तिथे लेयर दिसत नाही. पांढरं जिथे, तिथे दिसतो. ब्रश काठाबाहेर गेला तरी फिकीर नव्हती, काळ्याने परत झाकता येत होतं. जरीतली एकेक तार दिसायला लागली तेव्हा फार बरं वाटलं.

पुतळ्याला लावलेल्या तीन टाचण्या खांद्यावर दिसत होत्या. स्मार्ट ऑब्जेक्टवर क्लोन स्टॅम्प चालत नाही, फोटोशॉप सरळ नकार देतं. म्हणून वर एक कोरा लेयर घेतला, टूलच्या पट्टीत सॅम्पल `Current & Below` ठेवलं आणि त्या कोऱ्या लेयरवर टाचण्या पुसल्या. इथे `All Layers` ठेवू नये. वर रंगाचे ॲडजस्टमेंट लेयर असतील तर क्लोन त्यांच्यासकट रंग उचलतो, आणि त्यावर तेच ॲडजस्टमेंट पुन्हा लागून ठिगळ गडद दिसतं.

त्याच्याही वर ह्यू/सॅच्युरेशनचा ॲडजस्टमेंट लेयर. मास्कने तो फक्त साडीपुरता ठेवला, भिंत आणि पुतळा वगळून. यावेळी सॅच्युरेशन 10. इन्फो पॅनेल उघडं ठेवून निऱ्यांवर लाल शून्याला टेकत नाही ना, हे बघत आकडा वाढवला. 14 ला खोल घड्यांमध्ये शून्य दिसायला लागलं, म्हणून मागे आले. शेवटी एक कर्व्ह्ज, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी. तसं केलं की कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग आणखी भडक होत नाही. पहिल्या वेळच्या भडकपणात कॉन्ट्रास्टचाही वाटा होता.

फोटो पाठवला. काकांचं म्हणणं आलं, "निऱ्या आल्या. पण साडी अजून थोडी निळी हवी, दिवसाच्या उजेडात दिसते तशी."

मी खालच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल क्लिक करून व्हाइट बॅलन्स निळ्याकडे सरकवला. साडी छान झाली, पण खांद्यावर तीन हिरवट ठिपके उमटले, नेमके टाचण्यांच्या जागी. रिटचच्या लेयरचा डोळा बंद केला तेव्हा ठिपके गेले आणि टाचण्या दिसल्या, तिथे कारण कळलं. कोऱ्या लेयरवर क्लोन केलेले पिक्सेल हे खालच्या रंगाची त्या क्षणाची नक्कल असतात. खाली रंग बदलला तरी ते जुन्याच रंगात राहतात. काठही पिवळाच राहिला होता, कारण जरीची प्रत स्वतंत्र, तिचा व्हाइट बॅलन्स वेगळा बदलावा लागतो. स्मार्ट ऑब्जेक्ट असला म्हणजे सगळंच परत फिरवता येतं असं मी धरून चालले होते. ते रिटचपर्यंतच खरं आहे.

रॉमधला बदल मागे घेतला आणि सगळ्यात वर कलर बॅलन्सचा लेयर लावला. तो रिटचच्या वर असल्यामुळे साडी, काठ आणि ठिगळं एकत्रच निळी झाली. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: रॉमधला रंग पक्का केल्याशिवाय टाचणी पुसायची नाही, आणि पुसल्यावर रंगाचा जो बदल येईल तो वरच्या ॲडजस्टमेंट लेयरवर.

उरलेल्या साड्यांना सॅच्युरेशन आणि कर्व्ह्जचे लेयर ओढून आणले, मास्क मात्र प्रत्येकीचा नव्याने रंगवावा लागला. त्यात चार रात्री गेल्या. एकेक पीएसडी 400 एमबीच्या आसपास झाली, कारण प्रत्येकीच्या पोटात रॉ दोनदा आहे. जेपेगात लेयर टिकत नाहीत, म्हणून पीएसडी तशीच ठेवून जेपेग वेगळा काढायचा. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क घेतली.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी काका मोरपंखी पैठणी घेऊनच घरी आले. खिडकीजवळ धरून एक निरी वळवली, स्क्रीनकडे पाहिलं. "जर अजून किंचित उजळ," म्हणाले. जरीच्या लेयरवर डबल क्लिक केलं, एक्स्पोजर उणे 0.90 वरून उणे 0.60 वर आणलं आणि ओके दाबलं. काकांनी साडीची घडी घातली नव्हती, तेवढ्यात फोटो तयार होता.